आधी छोटं कर्ज संपवायचं की महागडं? चार देण्यांचं एक कॅलेंडर मांडून बघूया



मागच्या व्हिडिओत मी फळ्यावर चार कर्जं लिहिली होती आणि तुम्हाला विचारलं होतं, यातलं आधी कुठलं फेडाल? निम्म्या लोकांचं उत्तर आलं, "सर, सगळ्यात छोटं आधी संपवायचं, डोक्याचा ताप कमी होतो." बाकीचे म्हणाले, "ज्याचं व्याज जास्त ते आधी." दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. पण नक्की किती रुपयांचा फरक पडतो, हे कोणीच मांडून दाखवलं नाही. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरण आमच्या एका बॅचमधल्या ताईंचं आहे. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पापड आणि मसाल्याचा घरगुती उद्योग, हाताखाली दोन बायका. नाव सांगत नाही, आणि हिशोब सोपा जावा म्हणून आकडे थोडे गोल केलेत. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा धंदा बरा चालला होता, पण त्या वैतागलेल्या होत्या. कारण आदल्याच महिन्यात त्यांनी एक "हुशारीचं" काम केलं होतं. कुठेतरी ऐकलं होतं की क्रेडिट कार्डाचं व्याज फार असतं, ते आधी फेडावं. म्हणून दोन तारखेला हातात आलेले ८,००० रुपये त्यांनी सरळ कार्डावर भरले. पाच तारखेला मुद्रा कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जायचा होता. खात्यात पैसे नव्हते. हप्ता बाउन्स झाला, त्याचं शुल्क लागलं, वर उशिराचा दंड, आणि बँकेतून फोन.

त्या मला म्हणाल्या, "सर, मी तर चांगलंच करायला गेले होते."

बरोबर आहे. कार्ड आधी फेडायचा विचार चुकीचा नव्हताच. चूक एवढीच झाली की कुठलं कर्ज आधी हा प्रश्न त्यांनी पहिला घेतला. तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असतो, कुठल्या तारखेला कुठे किती पैसे लागणार? म्हणून आपणही आधी कॅलेंडर करू आणि मग क्रम ठरवू.

पायरी १: सगळी देणी एका पानावर

ताईंची यादी अशी होती:

- क्रेडिट कार्ड: बाकी ४८,००० रुपये, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, दरमहा भरणा ३,०००
- बचत गटाचं कर्ज: बाकी १०,०००, व्याज महिन्याला २ टक्के, हप्ता १,०००
- पतसंस्थेचं कर्ज: बाकी २४,०००, व्याज वर्षाला १५ टक्के, हप्ता १,५००
- मुद्रा कर्ज (किशोर गट): बाकी १,२०,०००, व्याज वर्षाला ११ टक्के, हप्ता ४,०००
- उडीद डाळीच्या व्यापाऱ्याची उधारी: १८,०००, व्याज नाही

एकाचा दर महिन्याचा, दुसऱ्याचा वर्षाचा. असं असेल तर तुलना होतच नाही. म्हणून मी सगळे दर एकाच मापात आणायला सांगतो: हजार रुपयांना महिन्याला किती रुपये व्याज?

पतसंस्थेचे वर्षाचे १५ टक्के म्हणजे महिन्याला सव्वा टक्का. हजाराला साडेबारा रुपये. मुद्राचे हजाराला साधारण नऊ रुपये. गटाचे वीस रुपये. कार्डाचे साडेतीन टक्के म्हणजे पस्तीस रुपये, पण थांबा. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. पस्तिसाचे झाले ४१ रुपये ३० पैसे. आपल्या हिशोबात कार्डाचा दर महिन्याला ४.१३ टक्के धरायचा.

आता क्रम दिसायला लागला: कार्ड ४१, गट २०, पतसंस्था साडेबारा, मुद्रा ९.

इथे एक चूक बरेच जण करतात. मुद्राचं व्याज रुपयांत बघितलं तर महिन्याला ११०० रुपये जातं आणि गटाचं फक्त २००. मग वाटतं, मुद्राच आधी कमी करावं. पण ११०० रुपये जातात कारण कर्ज मोठं आहे. तुमच्या हातातले हजार रुपये मुद्रात टाकले तर महिन्याला ९ वाचतात, कार्डात टाकले तर ४१. आपल्याला बघायचंय ते हे.

दर लिहिताना आणखी एक गोष्ट विचारून घ्या. व्याज घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट? फ्लॅट म्हणजे तुम्ही कर्ज फेडत जाता तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच लावलेलं असतं. एक वर्षाच्या कर्जावर १२ टक्के फ्लॅट सांगितलं असेल, तर घटत्या शिलकीच्या भाषेत ते जवळपास साडेएकवीस टक्के पडतं. कागदावर बारा दिसतं म्हणून ते यादीत खाली ढकलू नका. आणि फ्लॅट कर्जात लवकर पैसे भरले तर व्याजात सूट देणार का, हेही विचारा. सूट नसेल तर तिथे जादा पैसे भरून काहीच वाचत नाही. ताईंच्या पतसंस्थेचं व्याज घटत्या शिलकीवर होतं, आणि लवकर भरल्याबद्दल वेगळं शुल्कही नव्हतं.

आता राहिला डाळीचा व्यापारी. "त्याला कुठे व्याज आहे?" असं ताई म्हणाल्या. मी विचारलं, "रोखीत घेतलं तर भाव कमी लावतो का?" हा प्रश्न तुम्हीही विचारा. समजा रोखीत १०१ आणि महिन्याच्या उधारीवर १०४ असा भाव असेल, तर तीन रुपये हे व्याजच आहे, फक्त पावतीवर त्याचं नाव नाही. हजाराला तीस रुपये! म्हणजे ती उधारी गटाच्याही वर जाते. ताईंचा व्यापारी मात्र दोन्हीकडे एकच भाव लावत होता. म्हणून आपण ती उधारी शर्यतीत घेतली नाही. पण तारखेला पैसे न दिल्यास डाळ बंद आणि डाळ बंद तर पापड बंद. त्यामुळे ती नेहमीच्या कच्च्या मालाच्या खर्चात धरली: जुनं बिल देऊन नवा माल उचलायचा.

पायरी २: तारखांचं कॅलेंडर

घरखर्च, माल, मजुरी, वीज हे सगळं जाऊन ताईंकडे कर्जांसाठी महिन्याला १३,००० रुपये राहत होते. चारही कर्जांचे ठरलेले हप्ते मिळून ९,५००. म्हणजे जादा हातात ३,५००. सगळी चर्चा या साडेतीन हजारांची आहे, हे लक्षात ठेवा. बाकीचे ९,५०० कुठल्याही पद्धतीत द्यायचेच आहेत.

कॅलेंडर असं बसलं:

- ३ तारीख: मुद्राचे ४,००० हप्त्याच्या खात्यात जमा असलेच पाहिजेत
- ५ तारीख: हप्ता कापला जाणार
- १० तारीख: गटाची बैठक, १,०००
- १५ तारीख: पतसंस्था, १,५००
- २२ तारीख: कार्डाची शेवटची तारीख, भरणा मात्र २० लाच, ३,०००
- २५ तारीख: जादा पैशांचा दिवस, ३,५००

पाच तारखेचा हप्ता असताना तीन तारीख का लिहिली? कारण मध्ये रविवार किंवा बँकेची सुट्टी आली, दुकानदाराचा चेक वटायला वेळ लागला, की गणित बिघडतं. दोन दिवस हातचे ठेवायचे. कार्डाचंही तेच, म्हणून २२ ऐवजी २०.

आणि २५ तारखेचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. चारही हप्ते गेल्याशिवाय जादा पैसा कुठेच भरायचा नाही. कार्डाचं व्याज रोजच्या रोज मोजलं जातं, त्यामुळे दोन तारखेला भरण्यापेक्षा पंचवीसला भरल्यावर थोडं व्याज जास्त जातं हे खरं. साडेतीन हजारांवर तीन आठवड्यांचं ते शंभर-सव्वाशे रुपये होतं. पण एक हप्ता बाउन्स झाला की शुल्क आणि दंड मिळून त्याच्या कितीतरी पट जातात, आणि क्रेडिट रिपोर्टवर उशिराची नोंद होते ती वेगळीच. पुढच्या वेळी कर्ज मागायला गेल्यावर ती नोंद समोर येते.

गटाचं एक वेगळंच आहे. तिथे पैसे बैठकीतच जमा होतात. पंचवीसला जादा पैसे ठरले तरी ते दहा तारखेपर्यंत घरात पडून राहणार, आणि घरात पडलेला पैसा काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. ताईंनी त्यासाठी दुसऱ्या बँकेतलं जुनं बचत खातं काढलं, ज्याचं एटीएम कार्ड त्या वापरत नव्हत्या. पंचवीसला पैसे तिकडे, नऊला काढून आणायचे.

तुमचे पैसे वीस तारखेनंतर येत असतील आणि सगळे हप्ते पाच-सातला असतील, तर आधी तारखा बदलून घ्यायचा प्रयत्न करा. बँकेला हप्त्याची तारीख बदलायचा अर्ज करता येतो, मान्य करणं त्यांच्या हातात असतं. कार्डाच्या बाबतीत मात्र बिलाचं चक्र निदान एकदा बदलून घ्यायची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमातच आहे.

पायरी ३: दोन्ही क्रम लावून बघू

मुद्राचे ४,००० दोन्ही पद्धतींत सारखेच जाणार, म्हणून ते बाजूला ठेवू. उरले ९,००० रुपये आणि तीन कर्जं: कार्ड ४८,०००, गट १०,०००, पतसंस्था २४,०००. एकूण ८२,०००. सुरुवात जानेवारीत.

नियम दोन्हीकडे एकच. सगळ्यांना ठरलेला हप्ता द्यायचा, जादा ३,५०० एकाच कर्जात टाकायचे. ते संपलं की त्याचा हप्ता धरून सगळी रक्कम पुढच्या कर्जात. महिन्याला ९,००० बाहेर पडायचे ते पडायचेच. हप्ता मोकळा झाला म्हणून तो घरखर्चात विरघळला, तर कुठलीही पद्धत चालत नाही.

पहिल्या महिन्याचा हिशोब करून दाखवतो. कार्डावर ४८,००० ला ४.१३ टक्क्यांनी १,९८२ रुपये व्याज चढलं. बाकी झाली ४९,९८२. छोटं आधी या पद्धतीत कार्डाला फक्त ३,००० मिळतात, म्हणजे बाकी उरते ४६,९८२. तीन हजार भरून मुद्दल किती कमी झाली? १,०१८ रुपये! जादा पैसे गटाला गेले: १०,००० वर २०० व्याज, भरले ४,५००, उरले ५,७००.

महाग आधी या पद्धतीत कार्डाला ६,५०० मिळतात. बाकी येते ४३,४८२ वर. गटाला नेहमीचे १,०००, तिथे उरतात ९,२००. पतसंस्थेला दोन्हीकडे १,५००, उरतात २२,८००.

असं महिन्यामागून महिना करत जायचं. एक्सेल किंवा मोबाइलमधली शीट वापरत असाल तर B मध्ये सुरुवातीची बाकी, C मध्ये महिन्याचा दर, D मध्ये भरणा लिहा, आणि महिनाअखेरची बाकी या एका ओळीत येते:

```
=B2+B2*C2-D2
```

मी शेवटपर्यंत केलं, ते असं आलं:

| | छोटं आधी | महाग आधी |
|---|---|---|
| पहिलं कर्ज संपलं | मार्च (गट) | सप्टेंबर (कार्ड) |
| दुसरं कर्ज संपलं | जून (पतसंस्था) | ऑक्टोबर (गट) |
| तिन्ही संपली | डिसेंबर | नोव्हेंबर |
| एकूण व्याज | १८,१८५ रु. | १४,०५३ रु. |

फरक ४,१३२ रुपयांचा, आणि एक महिना लवकर सुटका. बँकेचा हिशोब दिवसांवर चालतो त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे मागेपुढे होतील, पण फरक याच घरात राहील. पापडाच्या धंद्यात चार हजार रुपये सुटे करायला किती किलो पापड विकावे लागतात, ते ताईंना मला सांगावं लागलं नाही.

मग विषय संपला का? महाग आधी, आणि निघा घरी?

ताईंनी तक्ता बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "सर, जुलैचं काय?"

जुलैचा प्रश्न

हा प्रश्न विचारणारा माणूस धंदा जाणतो. पापड, कुरडया, मसाला यांचा हंगाम मार्च ते मे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नाही, पापड वाळत नाही, गिऱ्हाइकाने उन्हाळ्यातच वर्षाचं भरून ठेवलेलं असतं. ताईंचा मागच्या वर्षीचा अनुभव होता की या दोन महिन्यांत कर्जासाठी १३,००० नाही, जेमतेम ८,७०० निघतात. दिवाळीची भाजणी सुरू झाली की परत गाडी रुळावर.

आता तक्ता वेगळ्या नजरेने बघा. जुलैत काय उरतं यापेक्षा जुलैत किमान किती द्यावंच लागतं ते बघा.

महाग आधी या पद्धतीत जुलैपर्यंत एकही कर्ज संपलेलं नाही. मुद्रा, कार्ड, गट, पतसंस्था, चारही हप्ते उभे: ९,५००. हातात ८,७००. आठशे रुपये कमी पडतात, दोन महिने मिळून सोळाशे. म्हणजे कुठला तरी हप्ता चुकणार, किंवा परत उसनवारी.

छोटं आधी या पद्धतीत जुलैला फक्त मुद्रा आणि कार्ड उरलेत: ७,०००. आरामात निघतो महिना.

चार हजार रुपये जास्त व्याज देऊन लोक छोटं आधी का फेडतात, याचं खरं कारण इथे आहे. "मनाला बरं वाटतं" हे आहेच, मी ते कमी लेखत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की एक कर्ज पूर्ण संपलं की एक हप्ता कायमचा मोकळा होतो. मोठं कर्ज निम्मं झालं तरी त्याचा हप्ता तेवढाच राहतो. पगारदार माणसाला दर महिन्याला ठरलेली रक्कम येते, त्याने डोळे झाकून महाग आधी घ्यावं. आपली कमाई हंगामाची असते, आपल्याला हप्ते मोकळे होण्याचीही किंमत मोजावी लागते. फक्त ती किती, हे माहीत हवं.

मधला रस्ता

म्हणून तिसरा तक्ता केला. आधी गट, कारण तो एवढा छोटा आहे की तिसऱ्या महिन्यात संपतोच. त्यानंतर मात्र पतसंस्थेकडे न वळता सरळ कार्ड. शेवटी पतसंस्था.

मार्चमध्ये गट संपला. त्याचा हजाराचा हप्ता आणि जादा ३,५०० कार्डाकडे वळले. सगळं सुरळीत गेलं तर तिन्ही कर्जं नोव्हेंबरमध्येच संपतात आणि एकूण व्याज जातं १५,२२१ रुपये. महाग आधीपेक्षा १,१६८ जास्त, छोटं आधीपेक्षा २,९६४ कमी.

आणि जुलैत लागणारे किमान पैसे? ४,००० मुद्रा, ३,००० कार्ड, १,५०० पतसंस्था. एकूण ८,५००. ताईंकडे ८,७००. बसतंय!

म्हणजे अकराशे अडुसष्ट रुपये देऊन ताईंनी पावसाळ्याचा विमा घेतला, असं समजा. मी जुलै आणि ऑगस्ट दोन्ही महिने फक्त किमान हप्ते भरून पुढचा हिशोबही केला. तरीसुद्धा डिसेंबरमध्ये सगळं संपतं आणि व्याज १६,५७९ होतं. दोन महिने मंदी धरूनही हे छोटं आधीच्या १८,१८५ पेक्षा कमीच आहे.

याचं कारण तक्त्यातच दिसतं. छोटं आधी या पद्धतीत पैसे खाणारा भाग गटाचा नव्हताच. पतसंस्थेचे २४,००० संपवायला जवळजवळ तीन-साडेतीन महिने गेले, आणि तेवढा वेळ कार्ड हजाराला ४१ रुपयांनी चढत राहिलं. पतसंस्थेत टाकलेला हजार साडेबारा वाचवत होता. तेवढाच हजार कार्डात ४१ वाचवू शकला असता. नुकसान तिथे झालं.

यावरून एक साधा ठोकताळा निघतो. एखादं कर्ज तुमच्या जादा पैशांतून दोन-तीन महिन्यांत संपणार असेल, तर ते आधी संपवा, हप्ता मोकळा करा. त्यापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर व्याजदराचा क्रम धरा. आणि दोन कर्जांच्या दरात हजाराला चार-पाच रुपयांचाच फरक असेल, तर डोकं न लावता छोटं आधी.

ताईंच्या बाबतीत गट आधी घेण्याचं अजून एक कारण होतं. गटातले पैसे शेजारणींचे असतात. आपण थकलो तर पुढच्या बाईचं कर्ज अडतं. उलट आपण वेळेत फेडलं, तर दिवाळीच्या मालासाठी पुन्हा तिथेच हात पसरता येतो, तेही कार्डाच्या निम्म्या दराने. खरं तर गटाचं व्याज गटाच्याच निधीत जमा होतं, त्यात आपलाही वाटा असतो. त्यामुळे गटाचे वीस रुपये तितकेसे वीस नसतात. म्हणून मी ताईंना म्हटलं, गट आधी घेतोय तो हप्ता मोकळा करायला आणि पत राखायला. व्याजासाठी घाई करावी असं तिथे काही नाही.

गाडी कुठे घसरते

पहिली जागा: कार्ड फेडताना कार्ड वापरणं. बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला ते महिना-दीड महिन्याचं बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. मसाल्याचे डबे घेतले त्या दिवसापासून व्याज सुरू. ताईंनी कार्ड भावाकडे ठेवायला दिलं आणि फोनमधल्या खरेदीच्या अ‍ॅपमधूनही काढून टाकलं. दुसरं केलं नसतं तर पहिल्याचा उपयोग नव्हता.

दुसरी जागा: बिलावरची किमान रक्कम. कार्डाची बाकी कमी होत जाते तशी बिलातली किमान रक्कमही कमी दिसायला लागते. तीन हजारांवरून अडीच, मग दोन. माणूस खूश होऊन तेवढंच भरतो. आपण मात्र ठरवलेले ३,००० सोडायचे नाहीत, नाहीतर वरचा सगळा तक्ता कोलमडतो.

तिसरी जागा: शेवटचं बिल. कार्डाची पूर्ण बाकी भरली, आता शून्य, म्हणून लोक बिल उघडतच नाहीत. पण बिल निघालं ती तारीख आणि तुम्ही पैसे भरले ती तारीख, यामधल्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. दोन-तीनशे रुपये असतात. ते बघितलं नाही की त्यावर उशिराचं शुल्क, त्यावर जीएसटी. शून्य झाल्यानंतरचं बिल उघडून बघा, सलग दोन वेळा शून्य दिसलं तरच कर्ज संपलं समजा.

पतसंस्थेचं किंवा बँकेचं कर्ज संपलं की बेबाकीचा दाखला मागून घ्या आणि फाइलला लावा. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्टमध्ये ते बंद दिसतंय का तेही तपासा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

कॅलेंडर चालतंय की नाही, कसं ओळखायचं?

दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी तीन आकडे लिहा. एक, सगळ्या कर्जांची मिळून बाकी. दोन, या महिन्यात गेलेलं एकूण व्याज. तीन, पुढच्या महिन्यात द्यावेच लागणारे किमान हप्ते. पहिले दोन दर महिन्याला उतरलेच पाहिजेत. तिसरा पायरी-पायरीने उतरतो, कर्ज संपलं की. बाकी उतरतेय पण व्याज तिथेच अडकलंय असं दिसलं, तर समजा पैसे स्वस्त कर्जात जातायत. व्याज उतरतंय पण किमान हप्ते महिनोन्‌महिने तेवढेच आहेत आणि पुढे मंदीचा काळ येतोय, तर आत्ताच एखादं छोटं कर्ज बघून ते बंद करा.

ताईंच्या वहीत जानेवारीच्या सुरुवातीला तिसरा आकडा ९,५०० होता. मार्चमध्ये गटाचा शेवटचा भरणा केला आणि बैठकीत त्यांच्या नावापुढे "निरंक" असं लिहिलं गेलं. त्या रात्री त्यांनी मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिसऱ्या आकड्याच्या जागी ८,५०० लिहिलं होतं आणि बाजूला कंसात, "जुलै बसला."

आज रात्री तुम्ही फक्त पायरी एक करा. सगळी देणी एका पानावर, आणि प्रत्येकापुढे हजाराला महिन्याला किती रुपये. त्यात दुकानदाराची उधारी सुद्धा आली, आणि रोखीचा भाव विचारल्याशिवाय तिच्यापुढे शून्य लिहायचं नाही. तारखांचं कॅलेंडर उद्या.